फेटलिंगचे बारा जण: धूळ मोजायची तर पंप कुणाला आणि कितीदा?

कारखान्यातल्या हवेचं सर्वेक्षण करायचं ठरलं की कोटेशन मागतानाच पहिला प्रश्न येतो, "सॅम्पल किती लागतील?" बहुतेक वेळा उत्तरही विचारणाऱ्याच्या खिशातच असतं. वडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा माझा एक मित्र सेफ्टी ऑफिसर आहे. त्यानेही फोनवर हेच केलं. "अरे, आमच्याकडे शहाऐंशी माणसं आहेत. दहा टक्के धर, नऊ पंप लाव आणि रिपोर्ट दे." पंप म्हणजे कामगाराच्या कमरेला बांधून त्याच्या श्वासाजवळची हवा ओढणारं छोटं यंत्र. मकरपुरा, पोर, वाघोडिया, कुठल्याही वसाहतीत जा, हे दहा टक्के भेटतातच.

संख्याशास्त्रात या दहा टक्क्यांना काही आधार नाही. सॅम्पल किती घ्यायचे हे हजेरीपटावरच्या माणसांच्या संख्येवरून ठरतच नाही. एका गटातले आकडे आपसांत किती विखुरलेले आहेत, ते कायद्याच्या मर्यादेपासून किती लांब आहेत आणि निष्कर्षाची किती खात्री हवी आहे, यांवरून ते ठरतं. त्याच्याही आधी ज्यांना आपण एका गटात टाकलं ते खरोखर एका गटाचे आहेत का, हे पाहावं लागतं. सर्वेक्षण बिघडतं ते बहुधा इथेच. पंप उत्तम, प्रयोगशाळा उत्तम, आणि गटच चुकलेला.

एक फाउंड्री घेऊन बोलू. ती मी समजावण्यासाठी रचली आहे, आकडेही माझेच आहेत, पण बिडाच्या ओतकामाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. पंपांची केसिंग आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओतणारा हा कारखाना. वाळूच्या साच्यात बीड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं (याला नॉकआउट म्हणतात), आणि मग कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जास्तीचं बीड काढून ते साफ करायचं. हे शेवटचं काम म्हणजे फेटलिंग. भीती श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीची आहे, कारण तिच्यात क्वार्ट्झ असतो आणि क्वार्ट्झने सिलिकोसिस होतो.

हजेरीपट उघडला तर त्यात मोल्डर आहेत, फेटलर आहेत, फर्नेसवाले आहेत आणि बावीस "हेल्पर" आहेत. हेल्पर हा पगाराचा वर्ग आहे, कामाचा नाही. शॉपमध्ये अर्धा दिवस उभं राहिलं की हे बावीस जण पांगताना दिसतात. पाच नॉकआउटवर, चार सँड प्लांटवर, सहा ट्रक भरायला, दोन फेटलिंगला, आणि उरलेले पाच झाडू घेऊन सगळ्या शेडमध्ये फिरतात. ट्रक भरणारा आणि नॉकआउटवरचा यांच्या धुळीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. "हेल्पर" नावाचा गट करून त्यातल्या दोघांना पंप लावले, तर आलेला आकडा कुणाचाच नसतो.

म्हणून गट करताना पदनाम बाजूला ठेवायचं आणि चार गोष्टी पाहायच्या: माणूस करतो काय, कशाने करतो, कुठे उभा राहून करतो आणि दिवसातला किती वेळ करतो. या चारही बाबतींत जे जुळतात, त्यांच्या श्वासातली धूळही साधारण जुळेल असं आपण गृहीत धरतो. अशा गटाला या क्षेत्रात एसईजी म्हणतात, म्हणजे सारख्या संपर्काचा गट. यातला "गृहीत" हा शब्द विसरायचा नाही. गट हा आपला अंदाज असतो आणि तो बरोबर होता की नाही हे आकडे आल्यावरच कळतं. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजला असेल तर. इथे पातेलं एकच आहे की दोन, हेच आपल्याला अजून माहीत नाही.

झाडूवाले पाच जण मी नेहमी वेगळे काढतो. ते कुठल्याही शेडचे नसतात आणि सगळ्याच शेडचे असतात. सुका झाडू मारताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्रेसरच्या नळीने मशीनवरची धूळ उडवताना, ते जेवढी धूळ खातात तेवढी कधीकधी मोल्डरही खात नाही. आणि सर्वेक्षणातून सगळ्यात जास्त तेच सुटतात, कारण बऱ्याच ठिकाणी ते ठेकेदाराचे असतात आणि हजेरीपटावरच नसतात.

आपल्या फाउंड्रीत फेटलिंगच्या शेडमध्ये बारा माणसं निघाली. हजेरीपटावर त्यातले दहा फेटलर आणि दोन हेल्पर, पण काम एकच दिसतं: ग्राइंडर, छिन्नी, कास्टिंग, धूळ. एकच शेड, एकच पाळी. म्हणून बारा जणांचा एक गट धरला.

आता पंप. छातीच्या वर, कॉलरजवळ, नाकापासून साधारण वीतभर अंतरात एक छोटा सायक्लोन लावतात आणि कमरेला बॅटरीवरचा पंप. सायक्लोन जाडी धूळ खाली पाडतो आणि फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ फिल्टरवर जमते. मिनिटाला सुमारे २.२ लिटर हवा ओढली तर आठ तासांत एक घनमीटरहून थोडी जास्त हवा फिल्टरमधून जाते. दोन तास पंप लावून भागवणारे पुष्कळ आहेत, पण एवढ्या वेळात फिल्टरवर इतकी थोडी धूळ जमते की तिच्यातला क्वार्ट्झ प्रयोगशाळेला धड मोजता येत नाही. शिवाय दुपारी जेवणानंतर काम कसं चालतं ते सुटतंच. पूर्ण पाळी मोजायची.

पंप कुणाला लावायचा हे सुपरवायझरला विचारलं की तो नेमका एक माणूस पुढे करतो. "साहेब, ह्याला लावा, हा शहाणा आहे, उगाच हात लावणार नाही." शहाणा माणूस शहाण्यासारखं काम करतो, धुळीकडे पाठ करून उभा राहतो. त्याचा आकडा चांगला येतो आणि बाकीच्या अकरांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून बारा नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. दिवसांच्याही टाकायच्या, आणि ते जास्त महत्त्वाचं. एका दिवशी सहा जणांना पंप लावले तर सहा आकडे मिळतात खरे, पण दिवस एकच मोजला जातो. त्या दिवशी छोटी कास्टिंग होती की मोठी, शटर उघडी होती की थंडीमुळे बंद, वाळू ओली होती की सुकी, एक्झॉस्टचा पट्टा तुटलेला होता का, हे सगळं सहाही आकड्यांत सारखंच मिसळलेलं असतं. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी निम्मी माणसं रजेवर असताना मोजलं तर धूळही निम्मीच सापडेल. मला एका दिवसाच्या दहा आकड्यांपेक्षा चार-पाच वेगवेगळ्या दिवसांचे मिळून सहा आकडे केव्हाही जास्त कामाचे वाटतात. त्यासाठी प्रयोगशाळेची माणसं पुन्हा पुन्हा बोलवावी लागतात आणि मालकाचा तिथेच नकार येतो, हेही खरं.

तर दीड महिन्यात, वेगवेगळ्या दिवशी, चिठ्ठीत नाव निघालेल्या सहा जणांचे सहा आकडे आले. घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये ते असे: ०.१८, ०.२४, ०.३१, ०.३८, ०.८१, ०.९४.

मर्यादा किती? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने क्वार्ट्झ असलेल्या बारीक धुळीसाठी एक सूत्र घालून दिलं: १० भागिले (धुळीतल्या क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). आपल्या फाउंड्रीने एका फिल्टरवर क्वार्ट्झ तपासून घेतला, तो ८ टक्के निघाला. १० भागिले १०, म्हणजे मर्यादा १ मिलिग्रॅम. (हे सूत्र बरंच ढिलं आहे. ८ टक्के क्वार्ट्झची १ मिलिग्रॅम धूळ म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम क्वार्ट्झ. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये आपली मर्यादा ०.०५ वर आणली.)

सहाही आकडे एकच्या खाली. सरासरी ०.४८. मालक म्हणणार, "पास." रिपोर्टही बहुधा तसाच लिहिला जातो: सर्व नमुने मर्यादेत.

इथे जरा थांबायला हवं. समजा या शेडमध्ये दर दहा पाळ्यांतली एक पाळी मर्यादा ओलांडते. तरीही यादृच्छिक निवडलेल्या सहा पाळ्या सगळ्या मर्यादेत निघण्याची शक्यता किती? ०.९ चा सहावा घात, म्हणजे ५३ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं. सहाच्या सहा पास होणं हा धूळ कमी असल्याचा पुरावा म्हणून फारच कच्चा आहे. आकडा मर्यादेच्या आत आहे की बाहेर एवढंच पाहिलं तर त्यात दडलेली बरीच माहिती आपण फेकून देतो. ०.१८ आणि ०.९४ दोन्ही "पास" कसे?

माहिती वापरायची तर आधी धुळीचा स्वभाव कळायला हवा. हवेतल्या धुळीचे आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरत नाहीत. खाली शून्याची भिंत असते, वर मोकळं रान. मोठं कास्टिंग आलं तर धूळ दुप्पट, एक्झॉस्ट बंद असला तर आणखी दुप्पट. कारणं एकमेकांत मिळवली जात नाहीत, गुणली जातात. त्यामुळे बरेच आकडे लहान आणि थोडे फार मोठे, अशी रचना होते. उपाय सोपा आहे. आकड्यांचा लॉगॅरिदम घ्यायचा, गुणाकार बेरजेत बदलतो आणि नेहमीची सरासरी आणि नेहमीचं प्रमाण विचलन वापरता येतं. परत उलटं फिरवलं की दोन आकडे हातात येतात. एक, भूमितीय मध्य, म्हणजे मधली पाळी कशी असते. दोन, भूमितीय प्रमाण विचलन, म्हणजे पाळ्या किती विखुरल्या आहेत. दुसऱ्या आकड्याला सगळे जीएसडीच म्हणतात. तो १ असेल तर रोज तीच धूळ. २ असेल तर साधारण दोन-तृतीयांश पाळ्या मध्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. ३ च्या वर गेला तर गटच तपासून पाहावा.

एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक आकड्याला आधी मर्यादेने भागायचं (इथे मर्यादा १ आहे, म्हणून आकडे तेच राहतात), ते A1 ते A6 मध्ये लिहायचे आणि B मध्ये लॉग घ्यायचे:

```
B1:  =LN(A1)        
C1:  =EXP(AVERAGE(B1:B6))
C2:  =EXP(STDEV.S(B1:B6))
C3:  =-AVERAGE(B1:B6)/STDEV.S(B1:B6)
```

B1 खाली B6 पर्यंत ओढायचा. आपल्या सहा आकड्यांवर मध्य ०.४० येतो, जीएसडी १.९४ आणि शेवटचा आकडा १.४०. हा शेवटचा आकडा सांगतो की मधली पाळी मर्यादेपासून किती प्रमाण विचलनं खाली आहे. १.४० विचलनं म्हणजे शंभरातल्या सुमारे आठ पाळ्या मर्यादेच्या वर जात असाव्यात. एकही आकडा मर्यादेवर गेला नसताना हा अंदाज निघतो, कारण ०.८१ आणि ०.९४ यांच्यामुळे विखुरलेपणा वाढला आहे.

युरोपची ईएन ६८९ ही पद्धत (२०१८ ची आवृत्ती) इथे सरळ कसोटी देते. मर्यादा ओलांडणाऱ्या पाळ्या पाच टक्क्यांहून कमी आहेत, हे निदान ७० टक्के खात्रीने म्हणता आलं पाहिजे. सहा आकडे असतील तर त्यासाठी C3 किमान २.१८७ हवा. आकडे वाढले की अट सैल होत जाते, दहा आकड्यांना २.००५ पुरतो. आपला १.४० आहे. गट नापास.

आता दोन वाटा आहेत. एक, आणखी पंप लावायचे, या आशेने की आकडे सुधारतील. दुसरी, सहा आकड्यांकडे नीट बघायचं. ०.१८ ते ०.३८ पर्यंत चार आकडे, मग एकदम उडी आणि ०.८१, ०.९४. मध्ये कुणीच नाही. ही उडी दिसली की माझं लक्ष आकड्यांवरून त्या दिवशीच्या नोंदवहीकडे जातं. कोण होता, काय करत होता? नोंदवही नसेल तर सगळं सर्वेक्षण पुन्हा करावं लागतं, म्हणून पंप लावल्यावर दर तासाला एक ओळ लिहिण्याचा कंटाळा करू नये.

नोंदवहीत दिसतं की खालचे चौघे टेबलावर हातातल्या ग्राइंडरने व्हॉल्व्ह बॉडीच्या कडा साफ करत होते. वरचे दोघे शेडच्या टोकाला मोठ्या पंप केसिंगच्या पोटात वाकून हवेच्या छिन्नीने आतली जळकी कोअरची वाळू फोडत होते. एकच शेड, एकच पाळी, पण कामं दोन. टेबलावरचा ग्राइंडर मुख्यतः बीड आणि चाकाचे कण उडवतो, तेही मोकळ्या जागेत. छिन्नीवाला जवळजवळ शुद्ध वाळू फोडतो आणि त्याचं डोकं अर्धं केसिंगच्या आत असतं. चौकशी केल्यावर कळलं की छिन्नीचं काम कायम त्याच चार जणांकडे असतं. म्हणजे बारा जणांचा गट मुळात आठ आणि चार असा होता.

गट फुटला की क्वार्ट्झचाही हिशेब फुटतो. ८ टक्के ज्या फिल्टरवर मोजले तो टेबलावरच्या माणसाचा होता. छिन्नीवाल्या दोघांचे फिल्टर तपासले तर, समजा, १४ टक्के निघाले. त्यांची मर्यादा १० भागिले १६, म्हणजे ०.६२५. मग ०.८१ आणि ०.९४ पास नव्हतेच, पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या वर होते. "सर्व नमुने मर्यादेत" हे वाक्य गणितात कुठेही चूक न करता साफ खोटं निघालं. एकाच फिल्टरची टक्केवारी सगळ्यांना लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे, कारण क्वार्ट्झच्या चाचणीचे पैसे वेगळे पडतात. गटागणिक तरी ती वेगळी करून घ्यावी.

या चौघांसाठी आणखी किती सॅम्पल घ्यायचे? एकही नाही. दोन पाळ्या मोजल्या, दोन्ही मर्यादेवर. निर्णय बदलू शकेल असा तिसरा आकडा अस्तित्वात नाही. त्या पंपाचे पैसे केसिंगच्या तोंडाशी लावायच्या एक्झॉस्ट हूडमध्ये घालावेत, आणि तो बसेपर्यंत चौघांना नीट बसणारे मास्क द्यावेत.

टेबलावरच्या आठांचे चार आकडे उरले. त्यांना आणखी दोन दिवसांचे दोन जोडले, समजा ०.२१ आणि ०.४७. आता सहा आकडे आणि मर्यादा १. मध्य ०.२८, जीएसडी १.४४ आणि कसोटीचा आकडा ३.४५. हवा होता २.१८७. हा गट ऐटीत पास. गट नीट पाडल्यावर जीएसडी १.९४ वरून १.४४ वर कसा आला ते बघा. माणसं तीच, धूळ तीच, फक्त दोन वेगळी कामं एका टोपलीत टाकणं थांबलं.

पण "किती सॅम्पल" याचं उत्तर इथेही एका प्रश्नावर अडतं: खात्री किती हवी? ७० टक्के खात्री ईएन ६८९ ने निवडली आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ९५ टक्के मागतात. तेव्हा सहा आकड्यांसाठी २.१८७ ऐवजी ३.७१ लागतो. आपला ३.४५, म्हणजे हाच गट, याच आकड्यांनी, नापास. धूळ वाढलेली नाही, सहा आकड्यांच्या बळावर तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही एवढंच. आणखी चार पाळ्या मोजून आकडे दहा केले आणि मध्य नि विखुरलेपणा साधारण तसेच राहिले, तर लागणारा आकडा २.९१ पर्यंत उतरतो आणि गट पास होतो. पुढे मात्र हा उतार मंदावतो. वीस आकड्यांना २.४०, तीसला २.२२. सहावरून दहावर जाण्यात जेवढं हाती येतं तेवढं वीसवरून तीसवर जाण्यात येत नाही. म्हणून एका गटाला सहा ते दहा हा पल्ला व्यवहारात रुळला आहे. त्याच्या खाली विखुरलेपणाचा अंदाजच धड येत नाही: तीन आकड्यांवर ९५ टक्के खात्री हवी तर लागणारा आकडा ७.६६ होतो.

या सगळ्यात गटातल्या माणसांची संख्या कुठेच आली नाही, हे लक्षात आलं असेल. आठ जणांचा गट असो की ऐंशींचा, मोजतो आहोत त्या पाळ्या, आणि पाळ्या दोन्हीकडे शेकड्यांनी आहेत.

मग माणसांच्या संख्येवरून सॅम्पल सांगणारं ते कोष्टक कुठलं, जे अजूनही अनेक सेफ्टी ऑफिसरांच्या फायलीत असतं? ते अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या १९७७ च्या मॅन्युअलमधलं, लायडेल, बुश आणि लिंच यांचं. त्याचा प्रश्न वेगळा आहे. गटातल्या सर्वाधिक धूळ खाणाऱ्या दहा टक्के माणसांपैकी निदान एक तरी आपल्या हाती लागावा, आणि तसं घडण्याची शक्यता ९० टक्के असावी, तर किती जणांना पंप लावायचे? गट फार मोठा असेल तर उत्तर २२, कारण ०.९ चा बाविसावा घात ०.१ च्या जरा खाली येतो. गट लहान तसं उत्तर माणसांच्या संख्येच्या जवळ सरकतं: वीस जणांत तेरा, बारा जणांत दहा. दहा टक्के नव्हे, ऐंशी टक्क्यांहून जास्त! कोण जास्त खातो याबद्दल आपल्याला काहीच अंदाज नसतो तेव्हा हे कोष्टक खरं उपयोगी पडतं. मात्र ते सगळं एकाच दिवशी केलं तर पुन्हा दिवस एकच. आणि आपल्या फाउंड्रीत केसिंगच्या पोटात कोण वाकतो हे डोळ्यांनी दिसत असताना चिठ्ठ्यांनी त्याला शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याला सरळ मोजायचं, फक्त त्याचा आकडा इतरांच्या आकड्यांत मिसळायचा नाही.

उलट टोकाला, जिथे धूळ फारच कमी आहे तिथे सहाही लागत नाहीत. पॅटर्न स्टोअरमधल्या तिघांचं उदाहरण घ्या. ईएन ६८९ म्हणतं, तीन आकडे मर्यादेच्या दशांशाखाली आले तर तिथेच थांबा. चार घेतले तर ०.१५ पटीखाली हवेत, पाच घेतले तर पाचव्या भागाखाली. तिथे वाचलेले पंप मी नॉकआउटला नेईन.

आता एक अडचण, जी वरच्या हिशेबात लपून राहिली आहे. आठ जणांतल्या सहांना एकेकदा मोजलं. ०.१८ आणि ०.४७ यांतला फरक दिवसांचा की माणसांचा? प्रत्येकाचा आकडा एकेकच असेल तर हे सांगता येत नाही. क्रोमहाउट, सिमान्स्की आणि रॅपापोर्ट यांनी १९९३ मध्ये वेगवेगळ्या उद्योगांतल्या १६५ गटांच्या जुन्या मोजण्या तपासल्या. ज्या गटात जवळजवळ सगळ्यांची वैयक्तिक सरासरी एकमेकांच्या दुपटीच्या आत होती, असे गट जेमतेम पाव निघाले. काम आणि जागा पाहून, शहाण्या माणसांनी केलेल्या गटांचीही ही गत. कुणी ग्राइंडर स्वतःकडे फिरवून धरतो, कुणाचं टेबल एक्झॉस्टच्या उलट बाजूला असतं, कुणी डावखुरा असतो.

म्हणून सहा पंप असतील तर ते सहा जणांना एकेकदा लावण्यापेक्षा तिघांना दोन-दोनदा, वेगवेगळ्या दिवशी लावण्याचा पर्याय विचारात घ्यावा. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या औद्योगिक हायजिनिस्टांच्या संघटनांनी २०११ मध्ये मिळून केलेल्या मार्गदर्शिकेतही हीच कल्पना आहे. एकाच माणसाचे दोन्ही आकडे वर आणि दुसऱ्याचे दोन्ही खाली आले, तर फरक माणसांत आहे आणि "गट पास" म्हणून त्या पहिल्याला सोडून देता येत नाही. प्रत्येकाचे आकडे वर-खाली होत असतील तर फरक दिवसांत आहे आणि गट चांगला पाडला आहे. तीन माणसांवरून हे अगदी ढोबळ कळतं, पण एकेक आकड्यावरून तेवढंही कळत नाही. टेबलावरच्या आठांत मी शेवटचे दोन पंप नवीन माणसांना न लावता आधी मोजलेल्यांपैकी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या माणसालाच पुन्हा लावले असते. मात्र मग निवड यादृच्छिक राहत नाही आणि ते दोन आकडे कसोटीच्या सहात धरता येत नाहीत, वेगळे ठेवावे लागतात. बजेट दहा पंपांचं असेल तर हे सहज बसतं. सहाचं असेल तर माणसं तीनच घ्यायची, तीही चिठ्ठी टाकूनच, आणि दोन-दोन फेऱ्या करायच्या.

छिन्नीवाल्या चौघांकडे एक्झॉस्ट बसला की त्यांचं खातं कोऱ्या पानापासून सुरू होतं. जुने ०.८१ आणि ०.९४ नव्या आकड्यांत मिळवायचे नाहीत, कारण ती आता वेगळी प्रक्रिया आहे. माणसं चारच, म्हणून चौघांनाही मोजायचं आणि दोघांना पुन्हा, असे सहा. हूड केसिंगच्या तोंडाशी ओढून आणला होता का, की छताकडे तोंड करून नुसता गरगरत होता, हे दर तासाच्या ओळीत लिहायचं. क्वार्ट्झची टक्केवारीही नव्याने काढायची. हूडने धूळ कमी होते, पण उरलेल्या धुळीत क्वार्ट्झ १४ टक्केच राहील असं नाही, आणि मर्यादा त्या टक्केवारीवरच ठरते.